आयपीओ भरायचा कसा, आणि तो ‘लागतो’ कसा

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या बजाज हाउसिंग फायनान्सचा आयपीओ आला, तेव्हा आमच्या कुटुंबातून चार जणांनी अर्ज भरले. मी, बायको, वहिनी आणि मावशी. नेमके गणपतीचे दिवस होते. सोमवार ९ तारखेला इश्यू उघडला आणि बुधवारी ११ तारखेला, गौरीपूजनाच्या दिवशी, बंद झाला. चारांपैकी एक अर्ज लागला, एक लॉटरीत असूनही लागला नाही आणि दोन लॉटरीपर्यंत पोचलेच नाहीत. पहिल्यांदा आयपीओ भरणाऱ्याला जे कळायला हवं ते जवळपास सगळं या चार अर्जांत आहे, म्हणून तेच धरून सांगतो.

आधी तयारी

कंपनी पहिल्यांदा आपले शेअर लोकांना विकायला काढते त्याला आयपीओ म्हणतात. अर्ज करायला तीन गोष्टी लागतात: पॅन, शेअर ज्यात जमा होतात ते डीमॅट खातं आणि बँक खातं. तिन्ही एकाच माणसाच्या नावावर हवीत. हे वाक्य सोपं वाटतं, पण अर्ज बाद होण्याचं एक मोठं कारण यातच आहे. मावशीचा अर्ज मी माझ्या फोनवरून भरला. डीमॅट तिचं, पॅन तिचं, पण तिचा यूपीआय आयडी हाताशी नव्हता म्हणून मी माझा टाकला. पैसे माझ्या खात्यात ब्लॉक झाले, मेसेज आला, आम्ही निर्धास्त झालो. पुढे छाननीत अर्जदार एक आणि खातेदार दुसरा हे दिसलं आणि अर्ज रद्द झाला. पैसे ब्लॉक होणं म्हणजे अर्ज वैध ठरणं नव्हे, हे तेव्हा कळलं. नवऱ्याच्या खात्यातून बायकोचा, मुलाच्या खात्यातून आईचा, असा अर्ज चालत नाही.

दुसरा नियम असा की एका पॅनवर एकच अर्ज. दोन ब्रोकरांकडे दोन डीमॅट खाती असली तरी पॅन एकच असतो. दोन्हीकडून भरलंत तर दोन्ही अर्ज बाद होऊ शकतात. घरातल्या चार जणांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून चार अर्ज भरणं मात्र पूर्ण नियमात बसतं.

पट्टा, लॉट आणि रिटेलचा कोटा

कंपनी एकच भाव सांगत नाही, भावाचा पट्टा सांगते. बजाज हाउसिंगचा पट्टा होता ६६ ते ७० रुपये. शेअर सुटे मागता येत नाहीत, लॉटमध्ये मागावे लागतात. इथे एक लॉट २१४ शेअरचा होता, म्हणजे वरच्या भावाने १४,९८० रुपये. मुख्य बाजारात येणाऱ्या कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमाने एका लॉटची रक्कम १० ते १५ हजारांच्या दरम्यान ठेवावी लागते, त्यामुळे बहुतेक आयपीओंचा एक लॉट चौदा-पंधरा हजारांच्या आसपास येतो. लहान कंपन्यांच्या एसएमई आयपीओचं गणित वेगळं आहे. तिथे आता कमीत कमी अर्जच दोन लाखांच्या वर जातो, तेव्हा नवख्याने तिकडे वळू नये असं माझं मत आहे.

दोन लाखांपर्यंतचा अर्ज रिटेल गटात मोजला जातो. बजाजच्या भावाने तेरा लॉट, म्हणजे १,९४,७४० रुपये, ही रिटेलची शेवटची पायरी होती. चौदावा लॉट घेतला की तुम्ही मोठ्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांच्या गटात गेलात. नफ्यात असलेली कंपनी नेहमीच्या मार्गाने येते तेव्हा लोकांसाठीच्या भागातला किमान ३५ टक्के हिस्सा रिटेलला राखून ठेवावा लागतो. कंपनी नफ्याचे निकष पूर्ण करत नसेल तर हा हिस्सा १० टक्क्यांवर येतो. मग लोक तेवढेच आणि शेअर फार थोडे अशी स्थिती होते.

काही वेळा आणखी एक दार उघडं असतं. बजाज हाउसिंगमध्ये बजाज फायनान्स आणि बजाज फिनसर्वच्या भागधारकांसाठी ५०० कोटींचा वेगळा कोटा होता. कंपनीने माहितीपत्रक, म्हणजे आरएचपी, दाखल केलं त्या दिवशी ज्याच्या डीमॅटमध्ये यांपैकी एकीचा एक जरी शेअर होता, त्याला या कोट्यात भरता येत होतं, आणि शिवाय रिटेलमधूनही. एका पॅनवर दोन अर्ज चालतात ते अशाच ठिकाणी. मात्र शेअर आधीपासून खात्यात हवा. जाहिरात पाहून धावत घेतलेला शेअर उपयोगाचा नाही.

अर्ज भरताना

ब्रोकरच्या ॲपमध्ये आयपीओचा वेगळा विभाग असतो. तिथे कंपनी निवडायची, लॉट किती ते लिहायचं, भावाच्या जागी ‘कट-ऑफ’वर खूण करायची आणि आपला यूपीआय आयडी टाकायचा. कट-ऑफ म्हणजे ‘शेवटी जो भाव ठरेल तो मला मान्य आहे’ असं सांगणं. ही सोय रिटेल अर्जदाराला आहे, मोठ्यांना नाही. तुम्ही ६८ रुपये लिहिलेत आणि भाव ७० ठरला, तर तुमचा अर्ज विचारातच घेतला जात नाही. मागणी असलेल्या इश्यूत भाव पट्ट्याच्या वरच्या टोकालाच ठरतो, तेव्हा दोन रुपये वाचवायचा विचार इथे करू नका. बजाजचा भावही ७० वरच ठरला.

अर्ज गेला की खरं काम सुरू होतं ते यूपीआय ॲपमध्ये. काही वेळाने तिथे मँडेटची विनंती येते: अमुक कंपनीच्या आयपीओसाठी १४,९८० रुपये ब्लॉक करायचे आहेत. कंपनीचं नाव आणि रक्कम तपासून पिन टाकला की ती रक्कम खात्यातच राहते, पण गोठते. ती दुसरीकडे खर्च करता येत नाही, आणि बचत खात्याचं व्याज मात्र मिळत राहतं. पूर्वी अर्जासोबत चेक जायचा, पैसे कंपनीकडे अडकायचे आणि परताव्याची वाट पाहावी लागायची. २०१६ पासून सगळ्या अर्जांना ही ब्लॉक करण्याची पद्धत, म्हणजे अस्बा, सक्तीची झाली. शेअर लागले तरच पैसे कापले जातात.

वहिनीचा अर्ज गेला तो याच पायरीवर. तिने बुधवारी दुपारी अर्ज भरला. घरात गौरीचं जेवण, वीस-बावीस पानं उठायची होती. मँडेटची सूचना आली ती पावणेचारला आणि तिने फोन हातात घेतला साडेपाचला. शेवटच्या दिवशी मँडेट मंजूर करायची मुदत संध्याकाळी पाच वाजेपर्यंत असते. पाच वाजले की विनंती लटकलेली राहिली तरी अर्ज संपला. ब्रोकरच्या ॲपवर ‘अर्ज सादर’ असं दिसत होतं, म्हणून ती दोन दिवस आशेवर होती.

म्हणून माझा आग्रह असतो की अर्ज दुसऱ्या दिवशी भरावा. पहिल्या दिवशी भरण्यात फायदा काही नाही, कारण लॉटरीत आधी आलेल्याला आधी असं नसतं. शेवटच्या दिवशी भरण्यात धोका आहे, कारण त्या दिवशी बँकांवर ताण असतो आणि मँडेट कधी कधी तासन्‌तास येत नाही. शेवटच्याच दिवशी भरायची वेळ आली तर यूपीआयच्या नादी लागू नका. बहुतेक मोठ्या बँकांच्या नेट बँकिंगमध्ये आयपीओ किंवा अस्बा असा पर्याय असतो. तिथे डीमॅट खात्याचा क्रमांक द्यायचा, आणि बँक स्वतःच रक्कम ब्लॉक करते. मँडेटची वाट पाहावी लागत नाही, आणि खातं अर्जदाराचंच आहे याकडेही आपोआप लक्ष राहतं.

रक्कम ब्लॉक झाल्याचा मेसेज बँकेकडून आला का, एवढं त्याच दिवशी पाहा. आला नसेल तर मुदतीच्या आत अर्ज रद्द करून नव्याने भरता येतो. रिटेल अर्जदाराला इश्यू बंद होईपर्यंत अर्ज बदलण्याची किंवा मागे घेण्याची मुभा असते.

लॉटरी कशी लागते

आता मुख्य भाग. बजाज हाउसिंगला सगळे गट मिळून सुमारे ८९ लाख अर्ज आले. रिटेलचा भाग सातपटीने भरला अशा बातम्या आल्या आणि लगेच घरोघरी हिशोब झाला की सातातल्या एकाला लागणार. हा हिशोब चुकीचा आहे.

‘सातपट भरला’ याचा अर्थ जितके शेअर राखीव होते त्याच्या सातपट शेअर मागितले गेले. पण मागणारी माणसं किती होती हे त्यातून कळत नाही, आणि लॉटरी माणसांची होते, शेअरची नाही. सोप्या काल्पनिक आकड्यांनी पाहू. समजा एका इश्यूत रिटेलसाठी २१,४०,००० शेअर आहेत. लॉट २१४ चा, म्हणजे एकूण लॉट झाले १०,०००. अर्ज आले ४०,०००. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच लॉट मागितला, काहींनी दोन-चार, काहींनी तेरा. सगळ्यांनी मिळून मागितलेले लॉट झाले ७०,०००. एक्स्चेंजच्या पानावर आकडा दिसेल सातपट. पण लॉट १०,००० आणि माणसं ४०,०००, म्हणजे लागण्याची शक्यता चारात एक.

२०१२ मध्ये सेबीने नियम बदलला तेव्हापासून हे असं चालतं. आधी प्रत्येक रिटेल अर्जदाराला कमीत कमी एक लॉट द्यायचा प्रयत्न करायचा. माणसं लॉटपेक्षा कमी असतील तर प्रत्येकाला एक लॉट मिळतो आणि उरलेले शेअर, ज्यांनी जास्त मागितले त्यांच्यात प्रमाणात वाटले जातात. माणसं लॉटपेक्षा जास्त असतील तर एक लॉटसुद्धा सगळ्यांना पुरत नाही, म्हणून सोडत काढायची. ज्याचं नाव निघालं त्याला एकच लॉट. त्याने मागितला एक असो वा तेरा.

या नियमातून जे निघतं ते नवख्याला सहसा कोणी नीट सांगत नाही. सोडत होणार असेल तर तेरा लॉट भरणाऱ्याची आणि एक लॉट भरणाऱ्याची शक्यता सारखीच असते. दोघांची एकेकच चिठ्ठी. तेरा लॉट भरणाऱ्याने १,९४,७४० रुपये काही दिवस गोठवले आणि एक लॉटवाल्याने १४,९८०, एवढाच फरक. ज्याच्याकडे दोन लाख आहेत त्याने ते एका अर्जात ओतण्याऐवजी घरातल्या ज्या ज्या सज्ञान माणसाकडे स्वतःचं डीमॅट आणि स्वतःचे पैसे आहेत त्याने आपला आपला एक लॉट भरला, तर घरातल्या चिठ्ठ्या वाढतात. शक्यता वाढवण्याचा कायदेशीर मार्ग तेवढाच.

सोडत रजिस्ट्रार काढतो. केफिन, बिगशेअर किंवा पूर्वीचं लिंक इनटाइम जे आता एमयूएफजी इनटाइम या नावाने ओळखलं जातं, अशा संस्था हे काम करतात. आधी बाद अर्ज बाजूला काढले जातात, मग उरलेल्यांची संख्या आणि लॉट यांचं गुणोत्तर ठरतं, मग संगणकावर सोडत निघते आणि एक्स्चेंज त्यावर शिक्कामोर्तब करतं. ब्रोकरचा यात काही हात नसतो. ‘अमुक ॲपवरून भरलं की लागतं’ ही समजूत त्यामुळे निराधार आहे. नंतर वाटपाचा सगळा तक्ता वर्तमानपत्रात छापावा लागतो, इंग्रजी आणि हिंदीसोबत कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या भाषेतही. म्हणून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा तक्ता मराठी पेपरात येतो. किती वैध अर्ज आले, किती बाद झाले आणि किती जणांमागे एकाला लागला, हे त्यात अगदी स्पष्ट लिहिलेलं असतं. एकदा तरी तो वाचाच. सातपटीचा आकडा आणि खरं गुणोत्तर यांतला फरक डोळ्यांनी दिसतो.

लागला का, कसं पाहायचं

डिसेंबर २०२३ पासून इश्यू बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी शेअर बाजारात यायलाच हवा असा नियम आहे. बजाजचा इश्यू बुधवारी बंद झाला. गुरुवारी वाटप ठरलं, शुक्रवारी लागलेल्यांच्या डीमॅटमध्ये शेअर आणि बाकीच्यांचे पैसे मोकळे, मध्ये शनिवार-रविवार, आणि सोमवारी १६ तारखेला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, लिस्टिंग.

वाटपाच्या दिवशी संध्याकाळी रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर किंवा bseindia.com वर कंपनी निवडून पॅन टाकला की निकाल दिसतो. वाटप होताना पहिल्या तासात ही पानं उघडत नाहीत, त्याने घाबरू नका. बँकेचा मेसेज बरेचदा आधी येतो: पैसे कापल्याचा आला तर लागला, मोकळे केल्याचा आला तर नाही. बायकोला कापल्याचा आला, मला मोकळे केल्याचा. कोणताच आला नाही आणि रक्कम लिस्टिंगनंतरही गोठलेलीच राहिली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला १०० रुपये किंवा वार्षिक १५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते भरपाई म्हणून मागता येतं, हे तक्रारीत लिहायला विसरू नका.

लिस्टिंगची सकाळ

नवा शेअर थेट सव्वानऊला सुरू होत नाही. नऊ ते पावणेदहा या वेळात खरेदी आणि विक्रीच्या ऑर्डरी फक्त गोळा केल्या जातात. मग ज्या एका भावाला सगळ्यांत जास्त शेअर जुळतात तो भाव ठरतो, त्या एकाच भावाला हे सौदे होतात, आणि दहाला नेहमीचा व्यवहार सुरू होतो. बजाज हाउसिंगचा हा पहिला भाव निघाला १५० रुपये.

याचा एक उपयोग आहे. बायकोने साडेनऊला विक्रीची ऑर्डर टाकली होती, १३० रुपयांच्या मर्यादेने. भाव १५० ठरल्यावर तिचे शेअर १३० ला नाही, १५० लाच गेले. या सत्रात मर्यादा म्हणजे ‘याच्या खाली नको’ एवढंच. मर्यादेपेक्षा भाव वर ठरला तर सौदा वरच्या भावाला होतो, खाली ठरला तर होत नाही. आदल्या दिवशी एक गोष्ट तपासून ठेवा. डीमॅटमधून शेअर विकायला टीपिन हा गुप्त क्रमांक किंवा आधी दिलेलं डीडीपीआय हे अधिकारपत्र लागतं. टीपिन विसरला म्हणून पहिला अर्धा तास हातचा गेलेले लोक दर मोठ्या लिस्टिंगला असतात.

आता लिस्टिंग गेन. वाटपाचा भाव ७०, पहिला भाव १५०, फरक ८० रुपये. २१४ शेअरवर १७,१२० रुपये. बातम्यांत ‘११४ टक्के नफा’ येतो तो हाच. पण हा पूर्ण हातात येत नाही. शेअर वर्षाच्या आत विकला तर तो अल्पकालीन भांडवली नफा, आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर २० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. इथे तो झाला सुमारे ३,५६१ रुपये. ब्रोकरेज आणि डीमॅटचा थोडा खर्च सोडला तर हातात साडेतेरा हजार. ज्याचं बाकी उत्पन्न करमुक्त मर्यादेच्याही खाली आहे अशा निवासी व्यक्तीला ती मर्यादा भरेपर्यंत या नफ्यावर कर लागत नाही. पगारदार मंडळींनी एक लक्षात ठेवावं: असा नफा झाला त्या वर्षी आयटीआर-१ चालत नाही. व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आयटीआर-२ भरावं लागतं.

आणि हा नफा फक्त ज्याला वाटपात शेअर मिळाला त्याचा असतो, हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दिवशी शेअर १६५ च्या आसपास बंद झाला. दोन दिवसांत तो १८८ पर्यंत गेला. लॉटरीत न लागलेल्या अनेकांनी तेव्हा तो बाजारातून घेतला, ‘निदान आता तरी’ म्हणून. २०२५ च्या डिसेंबरपर्यंत तोच शेअर शंभराच्या आसपास आला होता. ७० ला मिळालेला माणूस तेव्हाही फायद्यात होता, आणि १८० ला घेतलेला खोल तोट्यात. लिस्टिंगच्या बातमीतला टक्का तुमच्यासाठी नसेल तर त्या उसळीत खरेदी करू नका.

मागितलं तेवढं सगळं मिळालं तर

दुसऱ्या बाजूची गोष्ट पुढच्याच महिन्यात घडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा मोठा आयपीओ आला. भाव १,९६०, लॉट सात शेअरचा, म्हणजे १३,७२० रुपये. सगळा इश्यू मूळ कोरियन कंपनीच्या हिस्सेविक्रीचा होता, भारतातल्या कंपनीच्या तिजोरीत नवा पैसा येणार नव्हता. रिटेलचा भाग निम्माच भरला. सोडतीचा प्रश्नच आला नाही. ज्याने जितके वैध लॉट मागितले त्याला तितके मिळाले. बजाजचा अनुभव ताजा असलेल्या काही जणांनी दोन लाखांच्या आत बसणारे चौदा लॉट भरले होते. त्यांना चौदाच्या चौदा लागले, १,९२,०८० रुपयांचे. शेअर १,९३४ ला उघडला आणि त्या दिवशी १,८२० च्या आसपास बंद झाला. एका लॉटमागे सुमारे ९८० रुपयांची घट, चौदा लॉटवर १३,७०० च्या आसपास. म्हणजे एक अख्खा लॉट पहिल्याच दिवशी वाहून गेला.

यात योगायोग कमी आणि रचना जास्त आहे. सगळ्यांना हवा असलेला इश्यू तुम्हाला चिमूटभर मिळतो किंवा मिळतच नाही. कोणालाच नको असलेला ओंजळ भरून मिळतो. त्यामुळे गेल्या वर्षभरातल्या लिस्टिंग गेनची सरासरी काढून ‘दर आयपीओला इतके टक्के’ असा हिशोब बांधला तर तो फसतो. तुमच्या वाट्याला येणारी सरासरी बातम्यांतल्या सरासरीपेक्षा नेहमीच कमी असणार. २०२१ मध्ये पेटीएमचा शेअर २,१५० ला दिला गेला आणि पहिल्याच दिवशी तो सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. तिथेही रिटेलचा भाग जेमतेम दीडपटीच्या थोडा वर भरला होता.

ह्युंदाईचा पुढचा भाग सांगायला हवा. ज्यांनी शेअर ठेवले त्यांना पुढच्या वर्षी तो अडीच हजारांच्या वर गेलेला दिसला. बजाजचं नेमकं उलट झालं. पहिल्या दिवसाचा भाव कंपनीबद्दल फार थोडं सांगतो. त्या दिवशी किती लोकांना शेअर हवा होता आणि किती कमी जणांना मिळाला, एवढंच त्यात दिसतं.

ग्रे मार्केट प्रीमियमचं काय, असं हमखास विचारलं जातं. लिस्टिंगआधी बाजाराबाहेर, तोंडी बोलीवर, अर्जांचे आणि शेअरचे सौदे होतात. त्यांत चाललेला वरचा भाव म्हणजे जीएमपी. त्याला ना एक्स्चेंजची नोंद, ना सेबीची देखरेख. मोठ्या मागणीच्या इश्यूत तो दिशा बरोबर सांगतो, पण इश्यू उघडा असताना तीन दिवसांत अर्ध्यावरही येतो. ह्युंदाईच्या वेळी तो इश्यूच्या आधीच ओसरत गेला होता. मी तो बघतो, पण त्यावरून लॉट ठरवत नाही.

लॉट ठरवायला मी एक्स्चेंजच्या पानावरचा रिटेलचा आकडा पाहतो, दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर रिटेल दोन-तीनपट भरलेला असेल तर सोडत बहुधा होणारच, आणि एक लॉट पुरेसा. तोवर एकपटही भरला नसेल तर जितके लॉट मागू तितके लागतील असं धरायचं आणि मग प्रश्न लॉटरीचा राहत नाही. ही कंपनी या भावाने वर्ष-दोन वर्षं सांभाळायची तयारी आहे का, हा प्रश्न उरतो. आरएचपीमधली दोन पानं तरी त्यासाठी वाचावी लागतात: पैसे कशासाठी उभे करताहेत ते, आणि त्यातले किती कंपनीला जाणार आणि किती जुन्या मालकांना.

मावशीने पुढचा अर्ज स्वतःच्या बँकेच्या नेट बँकिंगमधून भरला, एक लॉट, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. ब्लॉकचा मेसेज सव्वाअकराला आला. तो लागला नाही, पण तिच्या नावाची चिठ्ठी या वेळी सोडतीत होती.